आईचं कोपर

आमच्या आण्णांच्या झोपेला गावात मान होता. कऱ्हाडच्या पलीकडच्या आमच्या गावात सुखी माणसाचा दाखला द्यायचा झाला की लोक आण्णांच्या घोरण्याचा द्यायचे. भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा, ही म्हण त्यांच्याकडे बघूनच कुणीतरी केली असावी असं मला लहानपणी वाटायचं. पारावर, बैलगाडीत, लग्नाच्या मांडवात, ते टेकले की झोपलेच. तरुणपणी त्यांनी पुष्कळ कुस्त्या मारल्या होत्या. कुस्ती सुटली, पण दूध, तूप आणि मटणाचा खुराक काही सुटला नाही. त्यामुळे मान होती तिच्या दुप्पट झाली आणि सदऱ्याचं वरचं बटण कायमचं निवृत्त झालं.

कुस्ती गेली तरी मैदान गेलं नव्हतं. यात्रेच्या मैदानात माईक आण्णांकडे असायचा. कोण कुठल्या तालमीचा, कुणाचा वस्ताद कोण, कोणता डाव कसा लागला, हे ते असं सांगायचे की आंधळ्या माणसालाही कुस्ती दिसावी. तो माईक हा त्यांचा जीव होता. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस एका यात्रेत, दोन पैलवान बराच वेळ एकमेकांना चाचपत नुसती खडाखडी करत राहिले आणि आण्णांचा डोळा लागला. माईक हातातच होता. कर्ण्यातून सगळ्या मैदानावर जे घोरणं घुमलं, त्यावर पैलवानसुद्धा कुस्ती सोडून हसले म्हणतात. दुसऱ्या दिवशी पंच मंडळी घरी आली आणि चहा पिऊन, अगदी गोड बोलून, पुढच्या वर्षी माईक दुसऱ्याकडे देणार असल्याचं सांगून गेली. आण्णा त्या दिवशी जेवले नाहीत. आमच्या घरात अशी गोष्ट पूर्वी घडली नव्हती.

मी तेव्हा सांगलीच्या एका दवाखान्यात मेंदूचा आलेख काढणाऱ्या यंत्रावर कामाला होते. डोक्याला तारा चिकटवायच्या, यंत्र चालू करायचं आणि कागदावर शाईच्या सुया नाचताना बघायच्या, हे माझं काम. आण्णांचं ब्लडप्रेशर वाढलेलं मला माहीत होतं. गोळ्या चालू होत्या, पण प्रेशर गोळ्यांना दाद देत नव्हतं, आणि ते रोज सकाळी डोकं धरून बसायचे. दवाखान्यात परदेशात शिकून आलेले एक नवे डॉक्टर होते. त्यांना मी माईकचा किस्सा हसत हसत सांगितला. ते हसले नाहीत. घोरता घोरता आवाज मधेच बंद होतो का, एवढंच त्यांनी विचारलं. मला ठाऊक नव्हतं. मी भावंडांबरोबर माजघरात झोपणारी, आणि भिंतीपलीकडचं घोरणं ऐकायला कोण जागं राहतंय?

आण्णांना तपासणीला आणणं अवघड गेलं नाही. झोप तपासायची आहे म्हटल्यावर त्यांना तो सत्कारच वाटला. ते दिवसासुद्धा सहज झोपायचे म्हणून डॉक्टरांनी दुपारीच घ्यायचं ठरवलं. आई बरोबर आलीच. ती त्यांना परगावी एकट्याला कुठं झोपायला सोडायची नाही, हे आम्ही नवराबायकोचं प्रेम समजत होतो. मी डोक्याला, डोळ्यांच्या कडेला, हनुवटीला आणि छातीला तारा लावल्या. नाकासमोर एक बारीक तार, जी बाहेर पडणाऱ्या श्वासाची ऊब ओळखते. छातीभोवती पट्टा, जो छाती हलली की सुई हलवतो. आण्णा म्हणाले, एवढा थाट लग्नातसुद्धा झाला नव्हता, आणि झोपले. आई पलंगाला खेटून बसली. मी आणि डॉक्टर शेजारच्या खोलीत यंत्रापाशी गेलो.

संध्याकाळी डॉक्टर कागदाची ती जाडजूड घडी उलगडत बसले आणि कपाळाला आठ्या घालू लागले. नाकाची रेघ सपाट होत होती, म्हणजे श्वास थांबत होता. पण दहा सेकंद भरायच्या आत प्रत्येक वेळी सुरू होत होता, आणि दहाच्या आतलं थांबणं ते धरत नसत. दुसरं एक त्यांना खटकत होतं. त्यांनी मला दाखवलं. झोपेत श्वास अडकण्याच्या आजारात आधी मेंदूच्या रेघा जाग्या होतात, झोपेतल्या संथ लाटांच्या जागी बारीक आणि घाईच्या लाटा येतात, आणि मग घसा उघडून श्वास सुटतो. इथं उलटंच होतं. आधी सगळ्या सुया एकदम उडत होत्या, अंगाला हिसका बसल्यासारख्या, आणि मेंदू त्यानंतर जागा होत होता. डॉक्टर म्हणाले, याला कुणीतरी बाहेरून उठवतंय.

आम्ही दोघांनी एकदमच दारात बसलेल्या आईकडे पाहिलं. ती पदर सावरत म्हणाली, "आवाज थांबला की मी कोपर मारते. लय वर्सं मारतीय. न्हाईतर ह्यांचा श्वास परत कवा आला आसता?"

मी तिची पोटची पोर, आणि मला त्याचा पत्ता नव्हता. सगळं गाव त्या घोरण्याला सुखाची झोप म्हणत होतं आणि त्याच्या शेजारी एक बाई ते घोरणं थांबेल या भीतीनं रात्र रात्र पडून होती. घोरणं चालू असलं की तिला बरं वाटायचं. शांतता झाली की कोपर. दुपारी निवडता निवडता सुपावर डुलक्या घेणाऱ्या आईची आम्ही टिंगल करायचो. मला त्या क्षणी तिच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं, पण आमच्या घरात अशी रीत नाही, म्हणून मी तिच्यावर ओरडले.

तपासणी पुन्हा घ्यायचं ठरलं, आईला बाहेर ठेवून. आई ऐकेना. शेवटी डॉक्टरांनी तिला यंत्राच्या खोलीत आमच्याबरोबर बसवलं. आण्णा झोपले. थोड्या वेळानं घोरणं वाढलं आणि तुटलं. नाकाची सुई सरळ रेघ ओढू लागली. आई उठलीच. मी तिचा हात धरला. डॉक्टर म्हणाले, "मावशी, आज तुम्ही बसायचं. फक्त ही छातीची रेघ बघा."

छातीची रेघ हलत होती. नाकातून श्वास नाही, पण छाती ओढतेय, आणि प्रत्येक वेळी जास्त जोर लावतेय. डॉक्टरांनी हळू आवाजात समजावलं. दोन्ही रेघा सपाट असत्या, तर मेंदू श्वासाचा हुकूम द्यायलाच विसरलाय असं म्हटलं असतं. इथं हुकूम जातोय, छाती झगडतेय, पण झोपेत घशाचं मांस सैल पडून वाट बंद झालीय. आईला ते लगेच कळलं. म्हणाली, छाती लढतीय आन गळ्याला पकड बसलीय. पैलवानाची बायको ती.

दहा सेकंद गेले. वीस गेले. आईची नखं माझ्या मनगटात रुतली होती. नाडीची रेघ संथ झाली. आणि मग मेंदूच्या सुया एकदम घाईला आल्या, घसा उघडला, पलीकडून मोठी फुरफुर ऐकू आली, नाकाची सुई नाचू लागली आणि नाडी धावत सुटली. आण्णांनी कूससुद्धा बदलली नाही.

आई कितीतरी वेळ त्या नाचणाऱ्या सुईकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हंजी त्यांचं त्येच उठत्यात?"

डॉक्टर म्हणाले, हो, त्यांचा मेंदूच त्यांना उठवतो, आणि हाच तर घोटाळा आहे. दुपारभरात असं इतक्या वेळा झालं की गाढ झोपेची पायरी त्यांना लाभलीच नाही. डोळे मिटलेले, पण आत सारखी जाग. सकाळी यातलं काही आठवत नाही, म्हणून माणूस समजतो आपण मस्त झोपलो. प्रेशरचं मूळही तिथंच होतं. श्वास अडकला की रक्तातला प्राणवायू उतरतो, शरीर घाबरतं, रक्तवाहिन्या आवळून धरतं, आणि श्वास सुटला की प्रेशर उसळतं. झोपेत खरं तर प्रेशर खाली यायला हवं. आण्णांचं उठल्यावर मोजलं तर झोपण्याआधीपेक्षा जास्त भरलं. रात्रभर असे हिसके बसले की तो ताण दिवसाही सुटत नाही. नुसत्या गोळ्या त्याला कुठवर पुरणार? आणि आईचं कोपर? ते आणि मेंदू एकच काम करत होते, डॉक्टर जपून म्हणाले, झोप मोडायचं. आई हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ती म्हणाली की मग आता ती एकजण तरी झोपणार.

आण्णांना मात्र सत्कार वाया गेल्याचं दुःख झालं. डॉक्टरांनी बॅटरी मारून घसा पाहिला. टॉन्सिल्स लिंबाएवढे. ते काढायचे, वजन उतरवायचं, उताणं झोपायचं नाही. एवढ्यानं भागलं नाही, तर गळ्याला भोक पाडून नळी बसवायची, दिवसा ती बंद ठेवायची आणि रात्री उघडायची. तेव्हा याहून दुसरा उपाय आमच्याकडे नव्हता. भोकाचं नाव काढल्यावर आण्णांनी फक्त माईकचं काय, असं विचारलं. डॉक्टरांनी खरं तेच सांगितलं, की आवाज पूर्वीसारखा राहील अशी हमी देता येत नाही.

त्यानंतरचे महिने म्हणजे आमच्या घरातली खरी कुस्ती. टॉन्सिल्स गेले. पहिल्यांदा उसाच्या शेतात धावायला निघालेल्या आण्णांना बघायला गावातली पोरं बांधावर बसली. तूप बंद, मटण सणाला. आईनं त्यांच्या बंडीच्या पाठीला आतून लाकडी भोवरा शिवून टाकला, उताणे झाले की टोचावा म्हणून. आण्णा म्हणायचे, कोपर बरं होतं. दिवाळीनंतर पुन्हा तपासणी केली, तेव्हा मी यंत्र चालवताना देवाचं नाव घेत होते. नाकाची रेघ मधूनच थोडी दबायची, पण पूर्वीसारखी सपाट फारशी होत नव्हती. संथ लाटा पानामागून पानं चालल्या होत्या. त्याच गोळ्यांनी प्रेशर उतरू लागलं. भोकाचा विषय डॉक्टरांनी स्वतःहून मिटवला.

पंच मंडळींना पटवायला आण्णांना आणखी एक चहा पाजावा लागला. यात्रेला माईक त्यांच्याच हातात होता.

मैदानाच्या कडेला माझ्या मावशीचं घर होतं. बायकामाणसं तिथल्या माळवदाच्या सपाट छतावर बसून कुस्त्या ऐकत. कर्णा समोरच्या कडुलिंबाला बांधलेला, कान फाटावेत असा. आण्णा रंगात आले होते. आई माझ्या शेजारी होती. शेवटची कुस्ती लागली तेव्हा मी सांगायला वळले, तर ती भिंतीला टेकून, तोंड थोडं उघडं टाकून झोपली होती.

खाली दोन्ही पैलवान एकमेकांत अडकले. कोण वर येणार ते कळेना. सगळं मैदान चूप झालं आणि आण्णाही थांबले. कर्ण्यातून नुसती खरखर येत राहिली. आवाज थांबला होता. मी नकळत आईच्या कोपराकडे पाहिलं.

ते तिच्या मांडीवर सैल पडलं होतं, हललं नाही. मग आण्णांचा आवाज फुटला, मैदान उसळलं, टोप्या उडाल्या, आणि आईनं झोपेतच कूस बदलली.