न पुसलेले चौकोन

माझा हात चटकन उठतो. शाळेत एका मुलीच्या डोक्यात पाटी घातली होती मी, आणि लग्नानंतर पहिल्याच वर्षी नवऱ्यानं थोबाडीत मारली तेव्हा त्याच्या दुप्पट जोरानं परत दिली होती. त्यानं नंतर कधी हात लावला नाही. हे मी फुशारकीनं सांगत नाही. माझ्या डोक्यात राग कायम उकळत असतो, आणि माझं कामच असं की तो निवायला वेळ मिळत नाही.

क्रांती चौकाच्या मागच्या गल्लीत माझं टायपिंगचं दुकान आहे. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक कुरकुरणारं झेरॉक्स मशीन. अर्ज, तक्रारी, प्रतिज्ञापत्रं. कुणाच्या बायकोला कोणत्या लाकडानं मारलं, कुणाच्या भावानं विळा कुठं घातला, हे मी वीस वर्षं टाईप करते आहे. माझा नियम एकच: माणूस सांगेल ते सगळं लिहायचं, एक शब्द गाळायचा नाही.

फुलंब्रीकडच्या एका खेड्यातली मावशी सकाळी अकराला आली. पन्नाशीची, कपाळावर कुंकू फिसकटलेलं, हातात पिशवी आणि बटणाचा फोन.

"अर्ज लिव्हायचाय, ताई. पोरीला मारलं."

तिची मुलगी दिली होती सोयगावला, मागच्या उन्हाळ्यात. आदल्या संध्याकाळी तिला तिकडून इथल्या सरकारी दवाखान्यात आणलं होतं. जबडा दोन ठिकाणी मोडलेला, डोक्यापासून हनुवटीपर्यंत पट्ट्या, डावा हात प्लास्टरमध्ये. नवऱ्यानं पोलिसांना सांगितलं की पायऱ्यांवरून पाय घसरला. मुलीला बोलताच येत नव्हतं. विचारलं की ती खाटेजवळ बसलेल्या नवऱ्याकडं बघायची आणि डोळे मिटायची.

"चार वाजता फौजदार बाई येनार हायेत. त्या म्हनल्या, पुरावा असंल तर आना. नायतर जावई सही करून घेऊन जातो म्हनतोय, त्याच्या वळखीच्या दवाखान्यात. त्या घरात पोरगी परत गेली तर मरंल, ताई."

"तुमच्याशी बोलली का काही?"

"माझ्याकडं बघत बी नाय. सकाळी गेले तर तोंड भिताडाकडं फिरवलं."

मी टाईप करायला घेतलं. पण लिहिणार काय? पाहिलेलं कुणी नाही, ऐकलेलं कुणी नाही. मुलीचा स्वतःचा फोन होता, पण नवरा रोज तपासायचा. "मला फोन करू नको, मीच कळवीन," असं तिनं आईला बजावलं होतं.

"मग कळवलं का कधी?"

"व्हय. हे चितर पाठवायची ना. हे आलं की मला कळायचं, पोरगी बरी हाय, आईची याद काढतीय."

तिनं फोन पुढं केला. पडद्यावर चौकोन होते. ओळीनं, शेजारी शेजारी, रिकामे चौकोन. खाली गेले, पुढचा मेसेज उघडला, परत चौकोन. मध्येच एखादी मोकळी जागा, एखादा पूर्णविराम.

हे चित्र नव्हतंच. मुलीनं मराठीत लिहिलं होतं, आणि आईच्या त्या स्वस्तातल्या फोनमध्ये मराठीचा फॉन्टच नव्हता. जे अक्षर फोनला काढता येत नाही, त्याच्या जागी तो चौकोन काढतो. अक्षर आत शाबूत असतं, नुसतं दिसत नाही.

"मावशी, तुम्हाला वाचता येतं?"

"चौथीपत्तूर शिकलेय की."

मुलीला ते माहीत होतं. म्हणून तर ती लिहीत होती.

मी घाई केली आणि गाढवपणा केला. एक मेसेज तिच्या फोनवरून माझ्या फोनवर पुढं ढकलला. माझ्याकडं आली ती प्रश्नचिन्हांची रांग. त्या फोनला मराठी पाठवता येत नव्हतं, त्यानं प्रत्येक अक्षर फेकून त्या जागी प्रश्नचिन्ह ठेवलं. चौकोनाच्या आत अक्षर असतं, प्रश्नचिन्हाच्या आत काहीच नसतं. नशीब, मूळ मेसेज जागेवर होता. मी स्वतःलाच एक शिवी घातली आणि फोनची सेटिंग बघितली. मेसेज सिमकार्डातच साठत होते.

"तुम्ही पुसले नाहीत हे?"

"पोरीचे कसे पुसू? कंपनीचे आलेले समदे पुसले. हे एक बी नाय." मग ती म्हणाली, "पर आठ दिस झाले, आलंच नाय. वर तो लिफाफा नुसता लुकलुकतोय."

लिफाफ्याकडं मी तेव्हा लक्ष दिलं नाही. तिचं सिम काढलं, भोवतीची प्लॅस्टिकची चौकट दाबून सोडवली आणि माझ्या फोनमध्ये घातलं. सिममधले मेसेज उघडले, आणि चौकोनांच्या जागी मराठी आलं.

पण अख्खं नाही. मराठी मेसेज सत्तर चिन्हांत संपतो, आणि त्यात काना, मात्रा, अनुस्वार सगळे वेगवेगळे मोजले जातात. लांब लिहिलं की त्याचे तुकडे होतात. एरवी फोन ते जोडून दाखवतो, पण सिममध्ये ते सुटे पडतात, वर-खाली, कसेही. एक तुकडा "मार" वर तुटलेला. दुसरा सुरू होताना नुसता काना, ठिपक्यांच्या गोलाला लटकलेला, कारण त्याचं अक्षर आधीच्या तुकड्यात राहिलेलं. मी वेळ बघून आणि तुटलेली टोकं एकमेकांना लावून ते जोडत गेले. तुकडा जिथं मोडला तिथंच बरोबर जुळायचा.

आई पट्ट्यानं मारलं, बकलाच्या बाजूनं, पाठीची साल निघाली.

आई आज केस धरून चुलीवर तोंड नेलं, भुवया जळाल्या.

आई दात पडला. सासू म्हणते गिळ, आणि त्यांनी गिळायला लावला.

आई मला घ्यायला ये.

आई तू येत का नाहीस.

मी टेबलावर मूठ इतक्या जोरानं आपटली की पेनांचा डबा खाली पडला. मावशी समोर बसून माझ्या तोंडाकडं बघत होती. "काय लिव्हलंय?" ती विचारत होती, आणि मी, कधी जीभ न आवरणारी बाई, "थांबा जरा" एवढंच म्हणत होते.

तेवढ्यात फोन वाजला. नवा मेसेज. मुलीचाच नंबर.

क्षणभर मला वाटलं, ती आत्ता खाटेवरून लिहिते आहे. मग पाठवल्याची वेळ बघितली: काल सकाळची. तेव्हा मला तो लुकलुकणारा लिफाफा कळला. सिम भरलं होतं. आईनं एकही न पुसल्यामुळं नव्याला जागाच उरली नव्हती, आणि मेसेज कालपासून कंपनीच्या दारात ताटकळत उभा होता. माझ्या फोनमध्ये जागा मिळाली तसा तो आत आला. जोडलेला, पूर्ण, एक मात्रा न तुटलेला.

आई मिस कॉल देऊ नको. तुझा मिस कॉल आला की त्याला कळतं मी तुला लिहिलं आणि तो मारतो. आज म्हणाला, आता परत वाजला तर पायऱ्यांवरून ढकलून देईन आणि पडली म्हणून सांगेन.

"मावशी," मी विचारलं, "तुम्ही मिस कॉल द्यायचा?"

"व्हय की. चितर आलं की एक मिस कॉल. म्हंजी तिला कळावं, आईला पोचलं." तिचा आवाज बारीक झाला. "आठ दिस आलंच नव्हतं काय, म्हनून काल दुपारी म्याच दिला. जीव ऱ्हाईना."

वीस वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं, एक ओळ गाळावी. बाकीचे मेसेज छापावेत, एवढे पुरतील. पण पुरणार नव्हते. पायऱ्यांचं खोटं फोडणारा तेवढा एकच मेसेज होता, तोही घटनेच्या आधी पाठवलेला. मुलगी वाचणार ती त्या ओळीनं, आणि ती ओळ आईला उभी चिरणार होती. कुणाला तरी धरून बडवावंसं वाटलं मला, आणि समोर फक्त ही बाई होती.

मी सगळं छापलं, नंबर आणि वेळेसकट. पडद्याचे फोटोही छापले. अर्जाच्या शेवटी "मी स्वतः वाचले, ते खरे आहे" ही ओळ टाकली. वाचून दाखवायला तोंड उघडलं तर तिनं कागद माझ्या हातातून ओढून घेतला.

"माझ्या पोरीचं हाय. म्या वाचते."

बोट ठेवून, एकेक अक्षर लावत ती वाचत गेली. पट्टा. चूल. दात. मध्ये कुठंही थांबली नाही. शेवटच्या मेसेजवर बोट एका जागी अडकलं. तिनं तो पुन्हा पहिल्यापासून वाचला. मग तिनं स्वतःचा उजवा हात दगडी उंबऱ्याच्या कडेवर तीनदा, सारख्याच जोरानं आपटला. मी धरेपर्यंत बोटं फुटली होती. त्याच हातानं तिनं सही केली. अर्जावर रक्ताचा डाग तसाच राहिला, मी दुसरी प्रत काढली नाही.

साडेतीनला आम्ही वॉर्डात पोचलो. फौजदार बाई अजून यायच्या होत्या. जावई कागदावर सही करायच्या तयारीत होता. मावशीच्या हातातला फोन बघून तो उठला, तिला भिंतीवर ढकललं, फोन हिसकावला आणि फरशीवर आपटून टाचेनं चिरडला. "आता दाखव," म्हणाला.

सिम माझ्या फोनमध्ये होतं. मी शेजारच्या खाटेखालचा स्टीलचा डबा उचलला आणि त्याच्या कानशिलावर घातला. मला त्याचं आजही वाईट वाटत नाही. तो परत माझ्यावर धावला, माझा ओठ फुटला, वॉर्डातल्या बायका ओरडायला लागल्या, आणि फौजदार बाई दारातून आत आल्या त्या हेच बघत. त्यांनी माझा फोन बघितला, छापलेलं वाचलं, वेळ बघितली. जावयाची कॉलर धरून त्याला बाहेर काढलं आणि मग मुलीला विचारलं, "ढकललं का?"

खाटेजवळ आता नवरा नव्हता. मुलीनं पापण्या खाली नेल्या, वर आणल्या. मग मान हलवली. हो.

त्या जबाब लिहीत असताना मुलीनं उजव्या हातानं पेन मागितलं. माझ्याकडं छापील कागदाची एक जास्तीची प्रत होती, तिच्या मागच्या बाजूला तिनं लिहिलं, आईकडं न बघताच कागद सरकवला आणि तोंड भिंतीकडं फिरवलं.

वाचत होतीस तरी आली नाहीस.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मिस कॉल म्हणजे आईनं वाचलं, असंच ती धरून चालली होती. प्रत्येक वेळी मार खाताना तिला वाटत होतं, आईला सगळं माहीत आहे.

मावशीनं ते बोट ठेवून वाचलं. मी मध्ये पडून समजावणार होते: फॉन्ट, सिम, सत्तर चिन्हं. तिनं मला हातानंच गप्प केलं. खाली वाकून तिनं फरशीवरचे फोनचे तुकडे गोळा केले, तडकलेली काच मुलीच्या डोळ्यांसमोर धरली आणि तिच्यावर फुटक्या बोटानं एक चौकोन काढला. त्याच्या शेजारी दुसरा, आणि तिसरा.

"मला हे दिसायचं, बाई. निसतं हे. म्या आज वाचलं."

मुलगी त्या रक्ताच्या चौकोनांकडं खूप वेळ बघत राहिली. मग तिनं भिंतीकडचं तोंड आईकडं फिरवलं.