कोण, कधीपर्यंत

"बाई, फार बोललं गेलं, थोडक्यात लिहा," हे वाक्य मी त्या नोकरीत इतक्या वेळा ऐकलं की आजही कुणी थोडक्यात म्हटलं की माझ्या कपाळावरची शीर उडते. ज्यांना थोडक्यात हवं असे, तेच कच्चा मसुदा हातात पडला की त्यात चार ओळी वाढवून परत पाठवत. आणि त्या चार ओळी कशासाठी? आपलं नाव खोडल्यावर पडलेली जागा भरून काढण्यासाठी.

एकोणीसशे साठचं दशक निम्मं उलटलं होतं. तारापूरच्या बाजूला मोठ्या प्रकल्पाचं काम निघालं होतं आणि त्याच्या आगेमागे लहानमोठे ठेकेदार येऊन बसले होते. त्यांतल्या एकाकडे मी लघुलेखिका होते. आमच्याकडे काम होतं वसाहतीला पाणी आणायच्या नळवाहिनीचं. माहेर सांगलीकडचं, समुद्र पहिल्यांदा पाहिला तो नोकरीवर रुजू होताना. बोईसर स्टेशनवर उतरले तेव्हा सुक्या मासळीच्या वासाने पदर नाकाला लावला होता. महिन्याभरात त्याच वासाच्या घरात खोली घेऊन राहिले.

खोली एका कोळणीच्या घरातली. तिला मी मावशी म्हणायची. नवरा गेलेला, मुलगा दुसऱ्याच्या बोटीवर, सून घरात. घर चाले ते मावशीच्या डोक्यावरच्या पाटीवर. पहाटे बंदरावर मासळी घ्यायची, पाटी डोक्यावर, वस्तीतून वर सडकेला यायचं आणि एसटी धरून बोईसरचा बाजार गाठायचा. एसटी चुकली तर मासळी उन्हात, आणि उन्हातल्या मासळीला गिऱ्हाईक नाक मुरडतं. सगळा हिशेब त्या एका एसटीवर होता.

आमच्या कंपनीने नेमका वस्ती आणि सडक यांच्या मधून चर खणला. पुरुषभर खोल, उडी मारून ओलांडता येऊ नये इतका रुंद. पाइप येणार, पुरणार, माती लोटणार, असं सांगितलं होतं. पाइप आले नाहीत. चर उघडा राहिला. बायका एका बाजूने ढासळलेल्या मातीवरून उतरत, दुसऱ्या बाजूने हाताने धरून चढत, डोक्यावर पाटी तशीच. मी पायातल्या चपला हातात घेऊन त्यांच्या मागून चढायची आणि रोज मनात कंपनीला शिव्या घालायची. मग ऑफिसात जाऊन त्याच कंपनीच्या हजेरीपटावर सही करायची.

दर सोमवारी बैठक. पत्र्याच्या लांब शेडमध्ये टेबल, एका टोकाला मोठे साहेब, एका बाजूला खोदाईचे साहेब, समोर भांडाराचे साहेब, बाकी इतर. कोपऱ्यात मी, वही आणि दोन टोकदार पेन्सिली. चराचा विषय निघाला तो ग्रामपंचायतीचं पत्र आलं म्हणून. चांगली पाऊण तास चर्चा झाली. खोदाईचे साहेब म्हणाले, फळ्या भांडाराने द्याव्यात, टाकायला माणसं माझी. भांडाराचे म्हणाले, मागणीपत्र आल्याशिवाय भांडारातून खिळासुद्धा बाहेर जात नाही. खोदाईचे म्हणाले, पूल हा खोदाईचा भाग नव्हे, मागणीपत्र मी का काढू? मोठे साहेब म्हणाले, "हे झालंच पाहिजे." सगळ्यांनी माना हलवल्या. चहा आला.

मी बोललेलं जसंच्या तसं उतरवलं, दुपारी टाइप करून मसुदा फिरवायला दिला. आमच्याकडची रीत अशी की मसुदा प्रत्येक साहेबाच्या टेबलावरून जायचा आणि ज्याने त्याने आपापलं बोलणं दुरुस्त करायचं. दुरुस्त म्हणजे काय, ते माझ्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. "खोदाई विभाग माणसं देईल" याचं झालं "आवश्यक ते मनुष्यबळ उपलब्ध करण्यात येईल." "भांडार फळ्या देईल" याचं झालं "सर्व संबंधितांनी समन्वय साधावा." तारीख कुणी बोललंच नव्हतं, तिथे कुणीतरी हिरव्या शाईने "लवकरात लवकर" घातलं. पक्की प्रत निघाली तेव्हा विषय दीड पान झाला होता आणि त्यात एकही माणूस उरला नव्हता.

संध्याकाळी मावशी जाळ्याला गाठी मारत विचारायची, "काय झाला तुमच्या मिटिंगीत? फळी कवा येल?"

"ठरलंय मावशी, टाकायचं ठरलंय."

"कोन टाकनार हाय?"

दीड पान टाइप केलं होतं मी, स्वतःच्या बोटांनी, आणि एका बाईला एक नाव सांगता येत नव्हतं. असा संताप आला की जेवणसुद्धा गोड लागलं नाही.

पुढच्या सोमवारी तोच विषय, तीच चर्चा, तोच चहा. त्याच्या पुढच्या सोमवारी मागचं इतिवृत्त कायम करण्यात आलं. कायम! चर मात्र खराच कायम होता.

मग मी डोकं चालवलं. मोठे साहेब पुन्हा थोडक्यात म्हणाले, तेव्हा मी ते शब्दशः घेतलं. तीन बैठकांची इतिवृत्तं पुढ्यात घेतली आणि चर्चा, मतं, आभार, खेद, सगळं गाळलं. उरलं ते एका कागदावर चार रकान्यांत मांडलं: अनुक्रम, काम, कोण, कधीपर्यंत. काम असं लिहायचं की जाऊन पाहणाऱ्याला झालं की नाही ते डोळ्यांनी कळावं. "चराबाबत उपाययोजना" असलं काही नाही. "वस्तीच्या वाटेवर चरावर फळ्यांचा पूल, दोन्ही बाजूंना कठडा" इतकं स्वच्छ. कोण या रकान्यात एकच माणूस. दोघांची नावं घातली की दोघंही एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात, हे मी तीन सोमवार पाहिलंच होतं. मदत बाकीच्यांनी करावी, जाब एकाने द्यावा. आणि तारीख म्हणजे तारीख.

बाकीच्या विषयांना नावं मिळाली. सिमेंटची वॅगन सोडवणं, पंपाची दुरुस्ती, ज्यांनी बैठकीत "मी बघतो" म्हटलं होतं त्यांच्याकडे जाऊन मी विचारून घेतलं, हे तुमच्याकडे ना, कुठल्या तारखेला? पुलापाशी येऊन थांबले. खोदाईच्या साहेबांचं नाव घालायला हात शिवशिवत होता. पण ते हो म्हणाले नव्हते, आणि जे ठरलं नाही ते टाइप करणारीने ठरवायचं नसतं. एकदा मी खोटं नाव घातलं की पूर्ण कागदच खोटा म्हणून त्यांनी फेकला असता. विचारायला गेले तर खोदाईचे म्हणाले भांडार, भांडाराचे म्हणाले खोदाई. म्हणून मी रकान्यात लिहिलं: कोणीही नाही. पुढच्या रकान्यात: ठरलेली नाही. आणि कुणाच्या टेबलावर न फिरवता सोमवारी सकाळी प्रत्येकाच्या खुर्चीपुढे एकेक प्रत ठेवली.

खोदाईच्या साहेबांचा चेहरा लालबुंद झाला. "हे काय? मिनिट्समध्ये कोणीही नाही? बाईंना हे लिहायचा अधिकार कुणी दिला?"

"साहेब, मी कमी केलं नाही काही," मी म्हटलं, "जे होतं तेवढंच उरलंय."

मोठे साहेब कागदाकडे बघत राहिले. दीड पानात जे तीन आठवडे दिसलं नव्हतं ते दोन शब्दांत दिसत होतं. मग ते खोदाईच्या साहेबांना म्हणाले, "नाव तुमचं घाला. मागणीपत्र आज काढा. तारीख?" खोदाईचे साहेब म्हणाले, शनिवार. मी तिथल्या तिथे पेनाने लिहिलं.

मावशीला सांगितलं तेव्हा ती हसली. "शनवार ना? मंग बरा." मला वाटलं, जिंकले.

गुरुवारी मावशी चरात पडली. आदल्या दिवशी एक पाण्याचा टँकर काठाला लागून गेला होता, काठ सुटला होता. उजव्या खांद्यावर पडली, पाटी अंगावर. बायकांनी उचलून घरी आणली. मी ऑफिसातून धावत गेले तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती, हात गावातल्या हाडवैद्याने फळकुटाला बांधला होता, आणि ती मासळी कुणी उचलली का ते विचारत होती.

शनिवारी पूल झाला. चांगला झाला, कठड्यासकट.

सोमवारी बैठकीत मी अनुक्रमाने वाचायला लागले. खोदाईचे साहेब छाती काढून म्हणाले, "मुदतीत पूर्ण." मोठे साहेब खूश झाले, ही यादीची पद्धत चालू ठेवा म्हणाले. मी पेन्सिल खाली ठेवली आणि सांगितलं, मुदतीआधी दोन दिवस एक बाई पडली, खांदा गेला. टेबलावर चुकचुकाट झाला. मोठे साहेब म्हणाले, "फार वाईट. नोंद घ्या."

नोंद घ्या! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "घेते साहेब. काम काय लिहू? कोण? कधीपर्यंत?"

खोदाईचे साहेब म्हणाले, बाई कंपनीची नाही, हा आपला विषय होऊ शकत नाही. भांडाराचे साहेब खिडकीबाहेर बघायला लागले. मी पेन्सिल उचललीच नाही. लिहिणाऱ्या बाईच्या हातात एवढंच असतं, ती लिहायची थांबू शकते. शेवटी मोठे साहेब पुटपुटले, "माझं नाव घाला. आज." जीप गेली, मावशीला डॉक्टरकडे नेलं. पण हाड तोवर वाकडं बसायला लागलं होतं. डॉक्टर म्हणाले, पडल्या पडल्या आणायला हवं होतं.

त्या संध्याकाळी नेहमीसारखंच तिने विचारलं, "काय झाला मिटिंगीत?"

मी खोटं बोलू शकले नाही. पुलाचं मुदतीत पूर्ण असं लिहिलंय, म्हटलं.

ती डाव्या हाताने जाळं ओढत म्हणाली, "खरा हाय. मुदत शनवारची, मी बेस्तरवारी पडली. माजाच चुकला."

तिला राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. तिला नव्हता आला, म्हणून तिच्या वाट्याचाही मीच बाळगून आहे, इतकी वर्षं. मी ती नोकरी सोडेपर्यंत तो पूल तसाच होता, हलला नाही, मोडला नाही. मावशी त्यावरून रोज सडकेला यायची. पाटी सुनेच्या डोक्यावर असायची, आणि मावशी मागून रिकामी चालत यायची.