सगळ्यात मोठा आकडा

संगमनेरच्या शाखेत परकीय चलनाचं टेबल माझ्याकडे होतं. एक डाळिंब निर्यातदार बिल घेऊन आला की रेट कार्डावर बोट फिरवायचा. डॉलरसमोर चार भाव, आणि ह्याचं बोट नेमकं सगळ्यात मोठ्यावर. "सायेब, हा द्या."

"तो बिल सेलिंग. आम्ही डॉलर विकतो तेव्हाचा. तुमचे तर आम्ही विकत घेतोय."

"मग टीटी बायिंग तरी द्या."

"पैसे आमच्या परदेशातल्या खात्यात आधीच आले असते, तर दिला असता. तुमचं बिल आम्ही आज घेणार, पैसे पुढच्या महिन्यात येणार. म्हणून बिल बायिंग, सगळ्यात कमी."

तो मला लुटारू म्हणायचा आणि माझाच चहा प्यायचा.

पुढे त्यानं परदेशातून डाळिंबं निवडायचं मशीन मागवलं. त्याचं बिल, कागदपत्रांसकट, आमच्याच बँकेत आलं. आता डॉलर त्याला विकत घ्यायचे होते, म्हणून त्याचं बोट जरा कमी असलेल्या टीटी सेलिंगवर होतं. तो भाव नुसते पैसे पाठवायला, आयातीच्या बिलाला नाही, असं सांगून मी सगळ्यात मोठ्या आकड्याखाली, त्याच बिल सेलिंगखाली, रेघ मारली. मला फार बरं वाटलं, हे कबूल करतो.

त्यानं त्या आकड्यावर बोट ठेवलं.

"मागत हुतो तवा दिला न्हाई," तो म्हणाला, "आता नको म्हनतोय, तर देताय व्हय."