सहा एप्रिलपर्यंत घर माझं

मुलुंडच्या दोन खोल्या आम्ही अकरा महिन्यांच्या करारावर घेतल्या होत्या. सात मार्चला घरमालक स्वतः जागा सोडायची नोटीस घेऊन आले. नकलेवर माझी सही घेतली आणि वर बजावलं, "वहिनी, तारीखही घाला." मी घातली.

एकतीस मार्चला सकाळीच ते कुलूप घेऊन दारात हजर. "नोटिशीवर एक मार्च आहे. तीस दिवस संपले, आज निघा."

मुलीची वार्षिक परीक्षा चालू होती. माझं डोकंच फिरलं. करार काढून कलम त्यांच्या नाकासमोर धरलं. दोघांपैकी कोणीही करार मोडायचा, तर नोटीस हातात पडल्याच्या दुसऱ्या दिवसापासून पूर्ण तीस दिवस.

"एक तारीख तुम्ही टाइप केली तेव्हाची. मला मिळाली सातला. तुमच्याच नकलेवर बघा." मग कॅलेंडरवर बोट ठेवून मोजलं, आठपासून एकतीसपर्यंत चोवीस, एप्रिलचे सहा. "सहा तारखेपर्यंत घर माझं आहे. ते कुलूप न्या आधी."

सहा एप्रिलला सामान टेम्पोत चढवलं, किल्ली त्यांच्या हातात दिली आणि ती मिळाल्याची पावती पुढे केली. त्यांनी सही केली.

"तारीखही घाला," मी म्हटलं.