काळ्या पाण्याचा रिपोर्ट

मला आलेखावर वक्र काढायला फार आवडायचं. नांदेडहून डिप्लोमा करून मी लातूरच्या माती प्रयोगशाळेत लागले, तेव्हा जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. टेबलं एका कचेरीतून आलेली, कपाटं दुसरीतून, आणि नळ तर बसवलेला असूनही कोरडाच. दुष्काळ होता. आमच्या साहेबांनी मार्गही काढून ठेवला होता: माती धुवायची नाही, कोरडीच चाळायची. टँकरचं पाणी पिण्यापुरतं आणि चहापुरतं. चहाला मात्र कधी कमी पडलं नाही, हेही सांगून टाकते.

त्या उन्हाळ्यात अहमदपूरकडच्या एका गावाचे सरपंच पोत्यात माती घेऊन आले. गावाशेजारच्या नाल्यावर साठवण तलाव व्हायचा होता. मातीच्या बांधाच्या पोटात पाणी न झिरपणारी चिकणमाती भरावी लागते; आमच्याकडे त्याला हार्टिंग म्हणतात. ती माती शिवारातच निघाली तर काम लगेच मंजूर. लांबून आणायची तर खर्च वाढणार आणि काम यादीतल्या पुढच्या गावाला जाणार.

"ताई, निम्मं गाव हैद्राबादेला जाऊन राहिलंय," सरपंच म्हणाले. "माझं पोरगं बी बायको-लेकरं घिऊन निघालंय. हे काम झालं तर थांबंल."

मी त्यांना खुर्ची दिली आणि मनात म्हटलं, काका, तुमची माती मी अशी चाळते की बघत राहाल.

माती भट्टीत वाळवली, लाकडी हातोडीनं ढेकळं फोडली, आणि चाळण्यांचा मनोरा लावला. वर पावणेपाच मिलिमीटरची, मग खाली बारीक बारीक होत पंचाहत्तर मायक्रॉनची, तळाला बंद ताट. हात दुखेपर्यंत हलवलं. प्रत्येक चाळणीवर राहिलेली माती तोलली, टक्के काढले, त्यांची बेरीज करत करत प्रत्येक मापाखाली किती टक्के गेली ते लिहिलं. मग आलेख. कणाचं माप आडवं, लॉगच्या घरांत, टक्के उभे. टिंबं जोडली तर काय देखणा वक्र! डावीकडून उठून मधे छान चढणारा, वर जाऊन हळूच वळणारा. दहा, तीस आणि साठ टक्क्यांच्या रेषांवरून मापं काढली, त्यांवरून लहानमोठ्या कणांचं प्रमाण सांगणारे दोन गुणांक काढले. एक सहाच्या वर, दुसरा एक ते तीनच्या मधे. पुस्तकातल्यासारखं उदाहरण. तळाच्या ताटात तर चिमूटभरच धूळ. वर्गीकरणाच्या रकान्यात मी 'एसडब्ल्यू' लिहिलं, म्हणजे लहानमोठे सगळे कण मापात असलेली वाळू.

वाळू. बांधाच्या पोटात वाळू म्हणजे चाळणीत पाणी साठवणं.

सरपंचांना सांगितलं तर ते उभेच राहिले. "वाळू? ताई, पावसाळ्यात त्या मातीत बैलाचा पाय रुतला तर उपटत न्हाई."

माझा स्वभाव तापट. मी म्हटलं, "काका, रंगावर नि बैलावर रिपोर्ट होत नाही. वक्र बघा." आणि वक्र त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी तो आदरानं बघितला, उलटा धरून.

ते बाहेर बाकावर जाऊन बसले. रिपोर्टबरोबर बाटलीत नमुना जोडायचा म्हणून मी दोन मिलिमीटरच्या चाळणीवरचे कण तळहातावर ओतले. पंखा बंद, बाहेर उन्हाची आग, हाताला घाम. झाकण सापडेपर्यंत कण मुठीत राहिले. मूठ उघडली तर कण कुठले! तळहातभर काळा चिखल. बोटं चिकटली होती.

मी जागच्या जागी हसायला लागले. दुष्काळात प्रयोगशाळेला मिळालेलं पहिलं पाणी म्हणजे माझा घाम. ते कण वाळूचे नव्हतेच. भट्टीत वाळून कडक झालेल्या चिकणमातीचे बारके खडे होते, आणि आम्ही त्यांनाच मोजत बसलो होतो. माती भिजवून, पंचाहत्तर मायक्रॉनवर धुतल्याशिवाय खरा हिशेब लागणार नव्हता.

साहेबांच्या टेबलावर मी तो काळा पंजा तसाच नेऊन धरला. त्यांनी आधी चहाचा कप बाजूला घेतला, मग हात निरखला. माणूस चांगला होता. "धुवा," म्हणाले. "पण पाणी कुठून आणता? टँकर परवाच येऊन गेला."

दारातून सरपंचांचा आवाज आला. "म्या आनतो की."

दुसऱ्या दिवशी ते एसटीतून दोन मोठे डबे घेऊन उतरले. कंडक्टरनं लगेजचं तिकीट फाडलं होतं आणि वर विचारलं होतं, लातूरला पाणी विकायला चाललाय का. पाणी एका विहिरीचं नव्हतं. गावात घरटी एक एक तांब्या मागून ते भरलं होतं. हे ऐकल्यावर मी डब्याला हात लावायलाही बिचकले.

त्यातल्याच थोड्या पाण्यात कण सुटे करणारं मीठ घालून माती भिजवली, मग ती चाळणीवर घेतली आणि धार सोडली. खालून काळंभोर पाणी पडायला लागलं. सरपंच उकिडवे बसून बघत होते. गावाचं पाणी डोळ्यांदेखत गटारात चाललं होतं. मी म्हटलं, "काका, जितकं काळं जाईल तितकं तुमच्या फायद्याचं. जे धुऊन जातंय तीच तुमची चिकणमाती."

त्यांचा चेहरा पालटला. मग तर ते पाण्याला आरोळ्या द्यायला लागले. "जाऊ द्या ताई, जाऊ द्या! लई काळं हाय!" साहेबही खुर्ची सोडून आले, पँट वर ओढून शेजारी बसले. तिघंही त्या घाण पाण्याकडे असे बघत होतो की कुणी म्हणालं असतं, यांना ऊन लागलंय. पाणी स्वच्छ पडायला लागलं तेव्हा चाळणीवर मूठभर रेती उरली होती. दुसरा डबा अर्धा शिल्लक होता.

उरलेली रेती वाळवून चाळली आणि नवा वक्र काढला. अगदीच कुरूप. पंचाहत्तर मायक्रॉनपाशीच तो सत्तर टक्क्यांच्या वर बसलेला, तिथून पुढे आळसात सरकत गेलेला. दहा टक्क्यांची रेषा त्याला कुठं भेटतच नव्हती, म्हणून ते दोन्ही गुणांक निघण्याचा प्रश्नच नव्हता. निम्म्याहून जास्त माती बारीक, म्हणजे आता तिचा चिकटपणा तपासायचा. ही चाचणी वाळू ठरल्यावर आम्ही गाळूनच टाकली होती. पितळी वाटीत लगदा भरून, खाच पाडून, वाटी आपटून बघितली. लगदा वाहू लागतो ती पाण्याची मर्यादा पस्तीस आणि पन्नास टक्क्यांच्या मधे आली, तक्त्यात टिंब रेषेच्या वर पडलं, म्हणजे नुसता गाळ नव्हे, चिकणमातीच. रकान्यात मी 'सीआय' लिहिलं: मध्यम चिकट चिकणमाती. शेऱ्यात लिहिलं, नीट ओलावून दाबल्यास हार्टिंगसाठी योग्य. पहिला वक्र साहेबांनी रद्दीत टाकला नाही. "का रद्द केला ते खाली लिहा आणि जोडा," म्हणाले, "आणि यापुढे काळी माती कोरडी चाळायची नाही. चहा कमी करू." मग सही केली.

रिपोर्ट इंग्रजीत होता. सरपंचांनी मला शेरा मराठीत वाचायला लावला. मी वाचला.

"आनिक एकदा."

परत वाचला, या वेळी सावकाश. त्यांनी टोपी काढली, तोंडावरून फिरवली आणि दारातून वळून म्हणाले, "चारची एसटी हाय. पोरगं रातच्या गाडीनं निघायलं, त्याच्या आत गाव गाठतो."

आणि ते धावत सुटले. साठीचा माणूस, भर उन्हात, धोतर एका हातात धरून, रिपोर्ट छातीशी लावून. मी नि साहेब खिडकीत उभे राहून ओरडत होतो, "काका, हळू! काका, अजून वेळ आहे!"