झेंडूखालची मुदत

सातवीतून शाळा सोडून मी विदर्भातून सांगलीकडे आलो आणि अठरा पुरी झाल्यावर माधवनगरात एका मालकांचा टेम्पो चालवू लागलो. एकदा नो पार्किंगचं चलान झालं, लायसन पोलिसांनी ठेवून घेतलं. विसरू नये म्हणून चलान मी काचेवर वायपरखाली अडकवलं. दुसऱ्या दिवशी दसरा होता. मालकांच्या आईनं टेम्पोपुढं नारळ फोडला आणि पाण्यानं चलानावरची शाई पसरली. मुदत टळली तर कोर्ट, आणि मुदतीची तारीख मी नीट वाचलीच नव्हती.

नशिबानं नारळाआधी पूजेचा फोटो काढला होता. तो मोठा करून आणल्यावर मालक भिंगातून वाचू लागले, मी लिहून घेऊ लागलो. गुन्हा, नो पार्किंग. दंड, शंभर रुपये. मुदत?

"तिथं झेंडू हाय रं. आई, हार जरा बाजूला घालायचा."

"हार टेम्पोला घातला, चलानाला न्हाई," आई म्हणाल्या.

आम्ही तसेच वाहतूक शाखेत गेलो. हवालदारानं कार्बन कॉपी काढली. मुदत अजून आठ दिवस होती. मालकांनी दंड स्वतःच्या खिशातून भरला, ते मी कधी विसरलो नाही. लायसन देताना हवालदार मालकांच्या हातातला फोटो न्याहाळत म्हणाला, "टेम्पोमागं ती पाटी कसली हाय? पूजा बी नो पार्किंगातच केली व्हय?"

मालकांनी फोटो हळूच खिशात घातला.