बाटलीवरचे दोन तीन

डिप्लोमा अमरावतीला केला आणि पहिली नोकरी अकोल्यात लागली. बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्याखालचं औषधाचं दुकान. डॉक्टर वर, आम्ही खाली. जिन्यावरून चिठ्ठी घेऊन आया उतरायच्या, तेव्हा कडेवरचं पोर बहुधा रडतच असायचं. कापसाला भाव नसल्याचे ते दिवस होते. खेड्यातली माणसं आजार बराच अंगावर काढून मगच यायची आणि घाईत परतायची. मीही घाईत असायची. औषध द्यायचं, बाटलीवर पेनने मात्रा लिहायची आणि सगळ्यांना एकच वाक्य सांगायचं, "मधेच सोडू नका, कोर्स पूर्ण करा." कॉलेजात हे वाक्य आमच्याकडून घोटून घेतलं होतं. ते म्हणताना कुणाच्या हातात कुठलं औषध आहे याकडे माझं लक्ष नसायचं, हे मला फार उशिरा कळलं.

एका दुपारी गाद्या-रजया भरणाऱ्या घरातली एक बाई आली. बरोबर अडीच वर्षांची मुलगी, कानावर हात धरून कण्हत होती. बाईच्या ओढणीला कापसाचे तंतू चिकटले होते. चिठ्ठीवर नेहमीचं अँटिबायोटिक, अमॉक्सिसिलिन, नव्हतं. मागे त्याने मुलीच्या अंगावर पुरळ आलं होतं, असं बाईच म्हणाली. यावेळी डॉक्टरांनी ॲझिथ्रोमायसिन दिलं होतं. वजन बारा किलो. तीन मिली, दिवसातून एकदा, तीन दिवस.

हिशेब मी मनात करून पाहिला. किलोला दहा मिलिग्रॅम म्हणजे एकशेवीस. आमच्याकडच्या बाटलीत पाच मिलीत दोनशे मिलिग्रॅम, म्हणजे तीन मिलीत बरोबर एकशेवीस. सगळं जुळत होतं. बाटली पंधरा मिलीची होती. तीन दिवसांत नऊ संपणार, सहा उरणार. त्या उरलेल्या सहाचं काय, हे मी तिला सांगितलंच नाही.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास बाई परत आली. मुलगी खांद्यावर मान टाकून पडलेली.

"ताई, सकाळपासून उलट्या करून राहिली. पोटही बिघडलं. पाह्य ना, दवाई बराबर हाय का?"

मी बाटली उजेडात धरली. तळाला जेमतेम तीन मिली उरलं होतं.

"किती वेळा दिलं?"

"दिवसाले तीन खेपा. तुमीच तं लिवलं. काल दुपारी दिली, संध्याकाळी दिली, निजताना दिली. आज सकाळी दिली अन् मंग उलटी झाली."

मी बाटली फिरवली. माझंच अक्षर होतं. "३ मिली × ३". मला तीन दिवस म्हणायचं होतं, तिने तीन वेळा वाचलं. आणि तिने तसं का वाचू नये? तिच्या थोरल्या मुलाला मागच्या हिवाळ्यात दिलेलं औषध दिवसातून तीनदाच होतं, सात दिवस. त्याच्या बाटलीवरही मी तीनच लिहिलं होतं.

"मी तोंडी काय सांगितलं होतं?" मी विचारलं. खरं तर हे मी स्वतःला विचारत होते.

"कोर्स पुरा करा म्हणे. मधात सोडू नका म्हणे. म्या म्हटलं, बाटली खाली झाली की कोर्स पुरा."

"दिवसातून एकदा" असं मी म्हटलं होतं की नाही? मला आठवेना. आजही आठवत नाही. कधी वाटतं म्हटलं होतं, तर कधी ते मी मागाहून स्वतःच्या समाधानासाठी जोडलंय असं वाटतं.

बाटली हातात घेऊन मी तिच्याबरोबर जिना चढले. डॉक्टरांनी मुलीला तपासलं, जीभ पाहिली, पोट दाबलं, आईला दोन-चार प्रश्न विचारले. मी सगळं सांगून टाकलं. माझं बोलणं मध्ये न तोडता त्यांनी ऐकून घेतलं.

"चार मात्रा गेल्या म्हणजे बारा मिली," ते म्हणाले. "तीन दिवसांत नऊ जायचं होतं. मूल सावध आहे, लघवी होते आहे. आता हे औषध बंद. मीठ-साखरेचं पाणी थोडं थोडं पाजा. उलट्या थांबल्या नाहीत, मलूल झाली, लघवी कमी झाली, तर लगेच आणा. आणि उद्या दाखवाच."

"बंद?" बाई घाबरली. "मंग कानाचं काय, साहेब? एकच दिवस झाला ना."

"औषध आत आहे, बाई. नेहमीचं औषध काही तासांत अंगातून निघून जातं, म्हणून ते पुन्हा पुन्हा, जास्त दिवस द्यावं लागतं. हे तसं नाही. हे शरीराच्या आत जाऊन बसतं आणि हळूहळू निघतं. देणं बंद केल्यावरही काही दिवस काम करत राहतं."

बाईने माझ्याकडे पाहिलं, जणू मी खात्री देईन. मी मान हलवली, पण माझ्याच डोक्यात गोंधळ चालला होता. कोर्स पूर्ण करा, कोर्स पूर्ण करा म्हणत मी वर्ष काढलं होतं. आणि इथे डॉक्टर दुसऱ्याच दिवशी बंद करा म्हणत होते आणि तेच बरोबर होतं.

बाई बाहेर बाकावर बसली, तेव्हा मी विचारलं, "सर, तीन दिवसांचं एका दिवसात गेलं. म्हणजे किती वाईट झालं?"

ते म्हणाले, "हे बघ, हेच औषध काही जण पाच दिवस देतात. पहिल्या दिवशी किलोला दहा, मग चार दिवस पाच-पाच. बेरीज कर."

"तीस."

"तीन दिवस दहा-दहा?"

"तीसच."

"आणि कानाच्या दुखण्यात काही ठिकाणी ते तीस एकाच वेळी देतात."

मला हसावं की रडावं कळेना. "मग माझं चुकलं नाही?"

"चुकलं. हिला तीस नाही, चाळीस गेलं. आणि ठरवून देणं वेगळं, चुकून जाणं वेगळं. उद्या टायफॉइडच्या मुलाला मी हेच औषध किलोला वीसप्रमाणे सात दिवस लिहीन. तेव्हा तीन दिवस पाठ करून ठेवू नकोस. चिठ्ठी वाच आणि अक्षरात लिही."

खाली जाताना मी बाईजवळ थांबले. "चूक माझी आहे," मी म्हटलं. "मी नीट लिहिलं नाही."

"जाऊ द्या, ताई. मलेही विचारता आलं असतं," ती म्हणाली आणि मुलीला पाणी पाजू लागली. तिने रागवायला हवं होतं. ती रागावली नाही, म्हणून मला जास्त अवघड झालं.

उलट्या संध्याकाळपर्यंत थांबल्या, पोट दोन दिवसांनी ठिकाणावर आलं. कान आठवड्याने डॉक्टरांनी पुन्हा पाहिला आणि बरा झाला म्हणाले. त्या दिवसापासून मी बाटलीवर "दिवसातून एकदा, फक्त तीन दिवस, उरलेलं फेकून द्या" असं लांबलचक लिहू लागले. मालक म्हणायचे, बाटलीपेक्षा तुझा निबंध मोठा.

महिन्याभराने बाई थोरल्याची चिठ्ठी घेऊन आली. अमॉक्सिसिलिन, दिवसातून तीनदा, सात दिवस. मी तिला दोनदा सांगितलं, तिच्याकडून म्हणवून घेतलं. ती बाटलीकडे संशयाने बघत राहिली.

"हे सात दिवस काहून? ते तं तीनच होतं."

"ते अंगात राहतं. हे लवकर निघून जातं."

"मंग हे काहून राहत नाई?"

पुस्तकातले शब्द होते माझ्याकडे, पण ते तिच्यासमोर उच्चारून पाहिले असते तर मलाच कळले नसते. "औषधाचा स्वभाव," असं काहीतरी मी म्हटलं. तिने बाटली ओढणीत गुंडाळली आणि तीनदा, सात दिवस, असं पुटपुटत ती रस्ता ओलांडून गेली.